भिंतीत गेलेल्या पाच बॅगा

बुरहानपूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि लालबाग रोडला नवी घरं उठत होती. त्यातलंच एक आमचं. ह्यांची केळी मंडीतली नोकरी संपली, हातात आलं ते सगळं विटा-सिमेंटात गेलं, आणि ठरलं की या श्रावणात कानबाई नव्या घरात बसवायची.

कानबाई म्हणजे आमच्या सगळ्या भाऊबंदांची कुळाची देवी. वर्षातून एकदा, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती थोरल्याच्या घरी बसते. थोरले म्हणजे हे. धाकटे मधुकर भाऊजी राजपुऱ्यातल्या जुन्या घरात राहायचे. त्यांचा धंदा रंगकामाचा. पाच-सहा वर्षं सुरतेला राहून आलेले, तिथं पुट्टी आणि जिप्समचं काम शिकून आले. बुरहानपुरात तेव्हा लोक चुना नाहीतर डिस्टेंपर लावायचे. पुट्टी म्हणजे काय, हे भाऊजींनाच घरोघरी समजावून सांगावं लागायचं. त्यामुळे आमच्या घराचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता.

जुलैच्या मध्याला भाऊजी पहिल्यांदा भिंती बघायला आले. सिमेंटचं प्लास्टर झालेलं होतं. ते डोईफोडिया गावच्या लोटू मिस्त्रीनं केलं होतं, आणि कसं केलं ते मी रोज बघत होते. मृग बरसला तसा त्याचा जीव शेताकडे ओढायला लागला. त्याची कपाशी लावायची राहिली होती. हे रोज त्याच्या मागे. "लोटू, देवीच्या आधी आटोप. लोटू, अजून दिवाणखाना राहिला." लोटू म्हणाला होता, "मालक, दोन दिवस थांबा, मी ओळंबा लावून पुन्हा बघतो." ह्यांनी थांबू दिलं नाही. त्यानं दिवाणखान्याच्या दोन लांब भिंती एका दिवसात ओढल्या आणि संध्याकाळच्या बसनं गावी गेला.

भाऊजींनी अॅल्युमिनियमची लांब पट्टी भिंतीला आडवी लावली. दोन्ही टोकं टेकली, मधे माझं बोट सहज आत गेलं. त्यांनी पट्टी उभी लावली. तेच.

"दादा, या दोन भिंतींना पोट आहे," ते म्हणाले.

"पोट?"

"आत गेलेलं. मधे खड्डा, कडा वर. हा बघा."

ह्यांनी बघितलं. बोलले मात्र असं की, "पुट्टी कशाला असते मग? सपाट करायलाच ना?"

भाऊजी खाली बसले. मी चहा आणला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. "दादा, पुट्टी सपाट नाही करत, गुळगुळीत करते. हिसाब सांगतो. चांगल्या भिंतीला दोन हात, मिळून एक मिलीमीटर. त्याला चौरस मीटरमागे सव्वा किलो लागते. जास्तीत जास्त दीड मिलीमीटर चढवा. त्याच्यावर चढवली की ती वाळताना ओढते, तडकते, मग पापुद्र्यासारखी सुटते. हे खड्डे भरायचं काम तिचं नाही."

"मग कुणाचं?"

"जिप्समचं. एका मिलीमीटरला चौरस मीटरमागे किलोभर. या दोन भिंती मिळून सव्वीस चौरस मीटर, सरासरी सहा-सात मिलीमीटर भरायचं. पंचवीस किलोच्या सात-आठ बॅगा मागवतो. प्लास्टर धरावं म्हणून टाचे मारून खरबरीत करू, जिप्समनं एका दिवसात भिंत पट्टीसारखी सरळ करू, वर पुट्टीचा बारीक हात. बाकी घराला नुसती पुट्टी."

ह्यांचा चेहरा बदलला. "जिप्सम म्हणजे ते पीओपीच ना?"

"भाऊबंदच आहेत दोघं. पण हे भिंतीचं."

"पीओपीचे गणपती तापीत विरघळत नाहीत. दुसऱ्या दिवशी हात-पाय तुटलेले काठाला पडलेले असतात. मी डोळ्यांनी बघतो दरवर्षी. आपल्या घरात आजवर मातीचीच मूर्ती बसली. ते पांढरं कानबाईच्या पाठीमागं? नाही."

"दादा, मूर्तीचा आणि भिंतीचा काय संबंध?"

"तू सुरतेला राहून आला, तुला संबंध नाही दिसणार. पुट्टीतच बसव."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या तोंडून एकदा देवाचं नाव निघालं की माझ्याकडे सगळे असंच बघतात. रोजचं व्रत करणारी बाई, ही काहीतरी सांगेल. मी म्हटलं, "देवीला भिंत सरळ लागते की कशाची, हे ती कधी सांगायला आली नाही. काम ज्याला येतं त्याचं ऐकावं."

"तू तुझी पोथी बघ," हे म्हणाले. हसून म्हणाले, पण म्हणाले.

त्या रात्री ह्यांनी सबंध घराचा हिसाब मांडला. मंडीत आयुष्य तोल करण्यात गेलं, तेव्हा हिसाब पक्का. भिंती आणि छत मिळून दोनशे चौरस मीटर. सव्वा किलोनं अडीचशे किलो. चाळीस किलोची बॅग, म्हणजे सहा बॅगा आणि वर थोडी. "सात मागव," असं त्यांनी भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणाले, "दादा, त्या दोन भिंती जास्त खातील." हे म्हणाले, "भिंत खात नाही रे, माणूस खातो," आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

भाऊजींनी सात बॅगांत इतर खोल्या आणि छत सगळं गुळगुळीत केलं. दोन हात, मधे एक दिवस वाळवण, घासपेपर, मग अंगाला भिंत लागली तरी दुधाच्या सायीवर हात ठेवल्यासारखं वाटायचं. दीडेक बॅग उरली. मग दिवाणखाना घेतला.

मी सकाळी तुळशीला पाणी घालून तिथंच जाऊन बसायचे, कारण मजुरांना पाणी हवं, चहा हवा. म्हणून मला माहीत आहे किती गेलं ते. पहिला हात दिला, खड्डा तसाच. दुसरा, तसाच. भाऊजी पट्टी लावायचे आणि मान हलवायचे. तिसऱ्या हाताला त्यांनी ह्यांना बोलावून दाखवलं. "दादा, अजून बोटभर आहे. आता तरी जिप्सम आणू?"

"देवी पंधरा दिवसांवर आली. तू बसव. पाहिजे तेवढी आण."

हे शब्द ह्यांचेच. "पाहिजे तेवढी आण." मी तिथं उभी होते.

पाच बॅगा आणखी आल्या. त्या दोन भिंतींवर चढल्या. घाई होती, पावसाळी हवा होती, एक हात पुरता वाळायच्या आत दुसरा. संपेपर्यंत पट्टी सगळीकडे टेकायला लागली. ह्यांनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "बघ, झाली का नाही सपाट? उगाच पीओपीचं लफडं."

भाऊजींनी पट्टी पुसून कोपऱ्यात ठेवली. हात धुवायला मोरीवर गेले आणि बराच वेळ धूत बसले.

रंग लागला. पांढरा, कारण देवीच्या घराला पांढराच. आठवड्याभरात मला त्या भिंतीवर केसासारख्या बारीक रेघा दिसायला लागल्या. मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "दिसणारच वहिनी. मला वाटलं, निदान दोन वर्षं तरी काढेल."

मग एका सकाळी हे रिकाम्या बॅगा मोजायला बसले. मजुरांनी बऱ्याच बसायला, झाकायला नेल्या होत्या, पण दुकानदाराकडून हे आकडा घेऊन आले होते. बारा. सात धरल्या होत्या, गेल्या बारा. पाच जास्त. पाच चोक वीस, म्हणजे दोनशे किलो.

"दोनशे किलो कुठं गेलं?" मला विचारलं.

"भिंतीत," मी म्हटलं.

"दोनशे किलो? दिवाणखान्यात? तुला हिसाब कळतो का? सव्वीस मीटरला सव्वा किलोनं तेहतीस किलो होतं. अख्खी एक बॅग पण नाही."

"तो हिसाब चांगल्या भिंतीचा आहे. भाऊजी म्हणाले होते."

"भाऊजी म्हणाले!" ह्यांनी चष्मा काढला. "मंडीत चाळीस वर्षं काढली मी. गाडीत माल कमी निघाला की शेतकरी म्हणतो दांड्याचं वजन गेलं, हमाल म्हणतो सुकला, ड्रायव्हर म्हणतो रस्त्यात सांडला. कमी झालेला माल नेहमी कुणाच्यातरी घरी असतो. त्याच दिवसांत त्याचं इतवाऱ्यातल्या एका दवाखान्याचं काम चालू होतं. माहीत आहे तुला?"

"तुमचे सख्खे भाऊ आहेत ते."

"म्हणूनच कमी बोलतोय."

मला वाटलं, घरात म्हणाले, घरातच विरेल. पण हे शालिग्राम काकांकडे जाऊन बोलले. काका आमच्या भाऊबंदांत वयानं सगळ्यांत वडील, आणि त्यांच्या कानावर पडलेलं राजपुऱ्यात पोचायला एक दुपार पुरते. संध्याकाळी भाऊजी आले. दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"दादा, तुम्ही काकांना काय सांगितलं?"

"जे आहे ते."

"पाच बॅगा मी दवाखान्याला नेल्या?"

"मी म्हटलं हिसाब लागत नाही. तुझा तू लाव."

"भिंत खरवडून दाखवतो. आता. पत्रा आहे गाडीत."

हे उठून उभे राहिले. "कानबाई चार दिवसांवर आहे. तिची भिंत खरवडणार तू? शुभ काम झालेल्या भिंतीला पत्रा लावणार?"

भाऊजींनी मग मला विचारलं, "वहिनी, तुम्ही तर रोज होता ना?"

"होते," मी म्हटलं. "मी सांगितलंय ह्यांना. पाचही बॅगा याच खोलीत फुटल्या. मी पाणी दिलंय कालवायला. बॅगेमागे पंधरा-सोळा लिटर, मी मोजून घागरी भरल्यात."

"बायका दिराची बाजू घेणारच," हे म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पाट सरकवून बसले.

भाऊजी गेले. मोटरसायकल चालू व्हायला बराच वेळ लागला, पावसानं भिजली होती.

कानबाईच्या रोटासाठी गहू मोजायचा दिवस आमच्यात शुक्रवार. घरातला थोरला पुरुष सुपात गहू घेतो. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं, त्याच्या नावानं सव्वा मूठ. तान्हा मुलगा असला तरी त्याची सव्वा मूठ. ते दळायचं, त्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे, देवीला दाखवून भाऊबंदांनीच खायचे. दुसऱ्याला द्यायचे नाहीत. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा. बाकी सगळं, वारसा, जमिनीचा खसरा, कोर्टकचेरी, ते वेगळं. आमच्याकडे माणूस घरचा आहे का हे सुपात ठरतं.

मी सूप धरून बसले होते. काका गादीवर. हे नावं घेत होते. शालिग्राम. अनंत, म्हणजे स्वतःचं. आमचा मुलगा सुरेश, तो पुण्याला. वामन, काकांचा मुलगा. वामनची दोन मुलं. गहू खळखळ पडत होता. मग हे थांबले, हात झटकला आणि पोत्याचं तोंड बांधायला लागले.

"मधुकर भाऊजी राहिले," मी म्हटलं.

"राहू दे."

"आणि त्यांचा गोटू."

"म्हटलं ना, राहू दे."

काकांनी घसा साफ केला. "अनंता, नाव तरी घे. भांडण वेगळं, देवी वेगळी."

"देवीच्या भिंतीतूनच चोरी झाली काका. वेगळी कशी?"

काका खिशातली सुपारी काढून कातरायला लागले. मी पोत्यात हात घातला. बाईनं मूठ घ्यायची नसते, मला माहीत आहे, माझं सगळं आयुष्य काय करायचं आणि काय नाही ते पाळण्यात गेलं. हे म्हणाले, "निर्मला." एवढंच. एवढ्या हळू की काकांना ऐकूही गेलं नसेल. मग सूप माझ्या हातातून घेऊन आत गेले. गहू त्याच दुपारी गिरणीत गेला.

शनिवारी सकाळी वामन देवीच्या पाठीमागची चुनरी बांधायला आला. चौरंग मांडला होता, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर आंब्याच्या पानांचं तोरण. चुनरीसाठी वामननं भिंतीत खिळा ठोकायला घेतला. पहिल्या ठोक्याला आवाज पोकळ आला, मडक्यावर मारल्यासारखा. दुसऱ्या ठोक्याला भिंतीचा तुकडा सुटला. तुकडा म्हणजे, दाराएवढा. आधी वरून वाकला, मग चौरंगावर पडला, केळीचा एक खांब मोडला, आणि खोलीभर पांढरी धूळ.

वामन मागे सरकला. "दादा, मी काही नाही केलं हो."

हे मोरीतून धावत आले. काका काठी टेकत आले. मी खाली बसून एक तुकडा उचलला. कडेला पातळ होता, पण मधला, जिथं भिंतीचं पोट होतं तिथला, माझ्या बोटाच्या रुंदीएवढा जाड होता. त्याच्यात थर दिसत होते, एकावर एक. मी तो काकांच्या हातात दिला.

"काका, दोन हात पुट्टीची जाडी किती असते ते भाऊजींनी सांगितलं होतं. एक मिलीमीटर. हे बघा किती आहे. हे मोजा आणि सगळ्या भिंतीला धरा. पाच बॅगा इथं आहेत."

काकांनी तुकडा उजेडाकडे धरला. खरंच बघितला. वामननं खिशातून टेप काढला, लावला, आणि हळूच म्हणाला, "बारा मिलीमीटर. दादा, म्हणजे बारापट..."

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. माणूस 'चुकलं' म्हणायचा झाला तर आत्ताच म्हणेल.

ह्यांनी तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे चोरी नाही केली. ठीक आहे. पण काम कसं केलं? दोन आठवड्यांत भिंत पडली. देवी बसायच्या आदल्या दिवशी. चौरंगावर! चोर बरा, निदान त्याला माल तरी कळतो."

"तो म्हणत होता ना की एवढं चढवू नका म्हणून?" वामन म्हणाला.

"म्हणत होता तर करायचं नव्हतं. कारागीर आहे ना तो?"

काकांनी तुकडा चौरंगाच्या कडेला ठेवला. "काम कच्चंच झालं म्हणायचं," ते म्हणाले. आणि त्या एका वाक्यानं झालं. चोराचा कच्चा कारागीर झाला, बाकी सगळं जागच्या जागी राहिलं.

"आता काय?" हे म्हणाले. "उद्या सकाळी देवी. हे भगदाड घेऊन?"

"पुट्टी तर नाही वाळायची," वामन म्हणाला. "सिमेंट पण नाही. ओलं राहील आठवडाभर." मग तो थांबला, आणि तोंडातून जे निघायला नको ते निघालं. "जिप्सम अर्ध्या तासात बसतं म्हणतात."

ह्यांनी खिडकीकडे बघितलं. मग मला म्हणाले, "त्याला फोन कर."

मी केला. फोन अलकानं घेतला, भाऊजींची बायको. मी सगळं सांगितलं, तुकड्याची जाडीसुद्धा.

"मग आता चोर नाही ना आम्ही?" अलका म्हणाली.

"नाही गं."

"गव्हात नाव घेतलं?"

"गहू काल दळून झाला," मी म्हटलं.

"मग कशाला बोलवून राहिले वहिनी? रंगाऱ्याला की दिराला?" तिनं फोन ठेवला.

पण तासाभरात भाऊजी आले. दोन मजूर, पंचवीस किलोच्या दोन बॅगा, आणि ती लांब पट्टी. आत आल्यावर देवीच्या रिकाम्या चौरंगाला हात जोडले, ह्यांना नाही. भिंतीवर पत्र्याच्या मुठीनं ठोकत गेले. जिथं जिथं पोकळ वाजलं तिथं तिथं पुट्टी खाली उतरवली. ती मोठाल्या तुकड्यांनी आली, पत्रा फारसा लावावाही लागला नाही. पाच चौरस मीटर भिंत उघडी झाली. खाली लोटूचं प्लास्टर, मधे खोल.

"पाचाला सरासरी दहा मिलीमीटर," भाऊजी मजुराला म्हणाले, "किलोनं धर. पन्नास किलो. दोन्ही बॅगा संपतील."

प्लास्टरला टाचे मारले, धूळ झाडली, पाणी शिंपलं. टबात आधी पाणी, मग पावडर. भराभर कालवलं आणि भराभर चढवलं, कारण वीस-पंचवीस मिनिटांत ते हातात राहत नाही. खालून वर पट्टी ओढली. एकदा, दोनदा. जिथं कमी होतं तिथं फेकलं, पुन्हा ओढली. मग स्टीलच्या थापीनं पाणी न मारता घोटलं. जेवणाच्या वेळेपर्यंत ती भिंत अशी होती की वामन तिच्या कडेला गाल लावून एक डोळा मिटून बघत राहिला.

"आठवडाभर रंग लावू नका," भाऊजी म्हणाले. "पांढरीच आहे, शोभेल. खिळा ठोकायचा तर आजच सांगा, मी छिद्र करून देतो."

त्यांनी छिद्र करून दिलं. एका खिळ्याचं.

मी स्वयंपाकघरात त्यांना पाणी दिलं तेव्हा विचारलं, "तुम्ही तेव्हा ऐकलं नसतं तर काय झालं असतं भाऊजी? नाही करत म्हटलं असतं तर?"

"थोरल्याला नाही कसं म्हणायचं वहिनी?" हसले ते, पण वाईट. "सुरतेला शेठला मी चार वेळा नाही म्हटलंय. इथं नाही जमलं. मला माहीत होतं निघणार. माझ्या हातानं केलेलं सगळ्यात वाईट काम आहे ते, आणि दादांसाठी केलेलं."

तेवढ्यात हे दारात आले. खिशात हात. "मजुरी सांग."

भाऊजींनी पेला खाली ठेवला. इतका हळू की आवाज झाला नाही.

"मजुरी?"

"तुझा धंदा आहे तो. दोन माणसं आणली, माल आणला. फुकट कशाला?"

"सख्ख्या भावाकडून मजुरी?" मी म्हटलं.

"हिशोब साफ असलेला बरा," हे म्हणाले. ते माझ्याशीच बोलत होते, भाऊजींशी नाही. "नंतर कुणी म्हणायला नको की देवीच्या नावानं राबवून घेतलं."

भाऊजींनी हातावरचं वाळलेलं जिप्सम अंगठ्यानं खरवडलं. मग म्हणाले, "माल दुकानदाराकडे लिहून घेतलाय. तुमच्याच नावावर. बॅगा दोन, मोजून बघा," आणि मजुरांना हाक मारून निघाले. जाताना पट्टी विसरले नाहीत.

मी ह्यांच्या मागे लागले. शनिवारची सगळी संध्याकाळ. हळू बोलायची सवय आहे मला, हळूच बोलले. गहू दळून झाला तरी देवीपुढं पिठात पाच बोटं घालून नाव घेता येतं, माझ्या सासूबाईंनी एकदा असं केलेलं मी बघितलंय, एक माणूस परगावाहून उशिरा आला होता तेव्हा. सांगितलं. हे म्हणाले, "तो उशिरा आला होता. हा चुकलाय."

"चुकलं कोण?"

"झोप आता. उद्या लवकर उठायचंय."

रविवारी देवी आली. वाजतगाजत, डोक्यावर, नथ घातलेला, लुगडं नेसलेला नारळ. चौरंगावर बसली. मागे चुनरी, चुनरीच्या दोन्ही बाजूंनी ती पांढरी भिंत, आणि सकाळचा उजेड तिच्यावर असा पडला की घरभर उजेड झाला. भाऊबंद आले, शेजारी दर्शनाला आले. रोटाचा वास सगळ्या घरात. मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तो उपास माझा नेहमीचाच. त्या दिवशी त्यात मला काही विशेष करावं लागलं नाही.

समोरच्या घरातल्या लीलाबाई दर्शनाला आल्या. त्यांचंही बांधकाम चालू होतं. देवीला हळदकुंकू वाहिलं, आणि भिंतीकडे वळून बघत राहिल्या. हात लावला.

"काय गुळगुळीत आहे हो! आणि सरळ किती. कुणाचं काम?"

"इंदूरचा माणूस होता," हे म्हणाले. लगेच म्हणाले, तयार असल्यासारखं. "आता मिळायचा नाही तो."

काका तिथंच बसले होते. वामन होता. दोघंही ताटाकडे बघत होते.

माझ्या हातात आरतीचं तबक होतं. मी म्हटलं, "माझ्या धाकट्या दिराचं काम आहे लीलाबाई. मधुकर त्यांचं नाव. राजपुऱ्यात राहतात. तुमच्याकडे काम असेल तर त्यांनाच सांगा, आणि ते जे म्हणतील ते ऐका."

"अग्गोबाई, घरातलेच? मग भेटतातच की आत्ता." लीलाबाईंनी बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली, एकेका तोंडावरून. "कुठले त्यातले?"

कुणीच हात वर केला नाही. लीलाबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"आरती घ्या," हे म्हणाले. "उशीर होतोय."

तबक माझ्याच हातात होतं. मी ते ह्यांच्यापुढं धरलं नाही. चौरंगाशी ठेवलं, देवीला नमस्कार केला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चपला घालायला बाहेर आले. मागून वामननं घंटा वाजवायला सुरुवात केली होती, पण आरतीचा सूर कुणी धरत नव्हतं. राजपुऱ्याला जाणारी रिक्षा कोपऱ्यावर मिळते.